मासिक डब्याचा दर आणि डिलिव्हरीचे भाग

प्रश्न: मी ऑफिसच्या डब्यांची मासिक योजना जाहीर करणार आहे. मजकूर असा: "सोमवार ते शनिवार, २६ डबे, २,६०० रुपये. ३ पोळ्या, भाजी, वरण-भात, कोशिंबीर, बुधवारी पनीर. कोथरूड, कर्वेनगर, बाणेर, हिंजवडी." जवळच्या दोन भागांत २८ आणि लांबच्या दोन भागांत १२ गिऱ्हाईक तयार आहेत. एका डब्याचा किराणा, भाजी, गॅस धरून ६२ रुपये लागतात. मदतनीस बाई ८,००० रुपये घेतील आणि डबे पोचवायला प्रत्येकी १४,००० रुपयांवर दोन मुलगे ठेवावे लागतील. हा दर परवडेल का?

उत्तर: ताई, चाळीस डब्यांचे महिन्याला १,०४,००० रुपये येतील, पण सामान, मदतनीस आणि दोन मुलग्यांचा पगार वजा जाता हातात केवळ ३,५२० रुपये राहतील, आणि त्यात आपल्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला अजून धरलेलाच नाही. लांबचे भाग सोडून फक्त २८ डबे केले, तर हीच शिल्लक ५,६६४ रुपये होते. कारण बाणेर-हिंजवडीच्या १२ गिऱ्हाइकांकडून सामानाचा खर्च जाऊन ११,८५६ रुपये उरतात आणि तिथल्या मुलग्याचा पगारच १४,००० आहे.

म्हणून माझे मत असे आहे की डब्याचा दर ११० रुपये, म्हणजे महिन्याला २,८६० रुपये ठेवावा. त्यात जवळच्या २८ डब्यांवर १२,९४४ रुपये सुटतात. या दराने लांबचा भाग तोट्यातून निघतो खरा, पण ३१२ डबे रांधून जेमतेम ९७६ रुपये मिळतात आणि एक जरी गिऱ्हाईक कमी झाले तरी तेही जातात. तिथे किमान १५ जणांनी आगाऊ पैसे भरेपर्यंत ते भाग जाहिरातीत घालू नयेत.

रजेचा नियम मात्र आधीच लिहावा, कारण हिंजवडीतच नव्हे, कोथरूडमध्येही अनेकांना शनिवारी सुट्टी असते आणि ते चार डब्यांचे पूर्ण पैसे परत मागतील. डबा रद्द झाला की आपले वाचते ते फक्त सामान, तेही आदल्या दिवशी कळले तर. पगार तसेच द्यावे लागतात. त्यामुळे परतावा ६० रुपयांहून अधिक नसावा. पनीरचा वारही बांधून घेऊ नये, भाव चढला की तो आपल्याच अंगावर येतो. एफएसएसएआयची नोंदणी घरगुती स्वयंपाकघरालाही लागते. ती करून क्रमांक मजकुरात द्यावा.

मी तो असा लिहिला असता:

"ऑफिसचा घरगुती डबा. सोमवार ते शनिवार, २६ डबे, २,८६० रुपये आगाऊ, पोचवण्यासह. ३ पोळ्या, हंगामी भाजी किंवा उसळ, वरण-भात, कोशिंबीर. महिन्यातून दोनदा पनीर. सध्या कोथरूड आणि कर्वेनगर. रजा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवल्यास डब्यामागे ६० रुपये पुढील महिन्यात वळते."