कॅप्सूल सोफ्यामागे का सापडते?

“मॅडम, आमच्या भुऱ्याला टिक फिव्हर झालाय. कॅप्सूल पनीरमध्ये लपवून देते, तर पनीर खातो आणि कॅप्सूल थुंकतो. टॉनिक अर्धं फरशीवर जातं. आता औषधाचा डबा काढला की पलंगाखाली घुसतो, काल तर मुलावर गुरगुरला. धरून पाजायचं का आता?”

ऐरोलीच्या या घरी मी मुद्दाम औषधाच्या वेळेला गेले. काय काय होतं ते फोनवर सगळं सांगता येत नाही, बघावंच लागतं. भुऱ्या म्हणजे 18 किलोचा गावठी कुत्रा, हॉलमध्ये फॅनखाली पसरलेला. ताईंनी फ्रिजवरचा डबा काढला, स्ट्रिप चरचरली, सासूबाई जुना टॉवेल घेऊन आल्या, मुलाने बाल्कनीचं दार ओढून घेतलं. कॅप्सूल अजून स्ट्रिपमध्येच होती आणि भुऱ्या पलंगाखाली पोचलासुद्धा.

त्याला कॅप्सूलची चव लागायच्या आधीच पुढचं सगळं कळलं होतं. टॉवेल आला की आपल्याला धरणार, दार लागलं की पळायला वाट नाही. म्हणून पहिल्यांदा टॉवेल आत ठेवायला लावला आणि दार उघडं. कॅप्सूल स्वयंपाकघरात, भुऱ्या समोर नसताना काढून वाटीत ठेवायची, हेही ठरलं. स्ट्रिपचा आवाज मात्र दिवसातून दोन-चारदा उगाच करायचा आणि लगेच त्याच्यापुढे काहीतरी खाऊ टाकायचा, औषध न देता. गुरगुरण्याबद्दल मुलाला सांगितलं की त्यावर ओरडायचं नाही, हात मागे घ्यायचा आणि थांबायचं. गुरगुरल्यावर मार बसतो हे कळलेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

मग डॉक्टरांचा कागद मागितला. डॉक्सीसायक्लिन 100 मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस. सोबत रक्तवाढीचं टॉनिक, 5 मिली दोनदा. टिक फिव्हरमध्ये रक्त कमी होतं, म्हणून ते टॉनिक. कॅप्सूल पनीरमध्ये, पनीर नाही खाल्लं तर पेढ्यात आणि लगेच टॉनिक, म्हणजे एकदाची कटकट संपते, असा या घरचा क्रम होता. दिसायला सोयीचा, पण दुधाच्या पदार्थांतलं कॅल्शियम आणि टॉनिकातलं लोह, दोन्ही डॉक्सीसायक्लिनला धरून ठेवतात आणि औषध अंगाला पुरेसं लागत नाही. भुऱ्याने ती कॅप्सूल गिळली असती तरी पूर्ण उपयोग झाला नसता. ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पनीर, पेढा बंद करायला सांगितलं आणि टॉनिक कॅप्सूलनंतर तीन तासांनी द्यायला सांगितलं.

पनीरच्या जागी काय, यावर सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं, “श्रावण आहे, घरात चिकन शिजणार नाही.” नको शिजू दे. उकडलेलं रताळं चिकनपेक्षा चिकट असतं आणि कॅप्सूलभोवती छान बसतं. पनीरचा तुकडा मोठा होता, म्हणून भुऱ्या तो चावायचा, आणि चावताना दाताखाली टणक काही लागलं की बाहेर. आम्ही बोराएवढे गोळे केले, न चावता गिळता येतील असे. ज्या हाताने कॅप्सूल आत घातली त्या हाताने गोळ्यावर शेवटचा थर लावायचा नाही, तो दुसऱ्या हाताने. कडू वास बाहेरून लागला तर कुत्रा तोंडच लावत नाही. काही कॅप्सूल फोडायच्या नसतात, काही गोळ्या कुटायच्या नसतात, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. आणि चूर्ण पूर्ण जेवणात कालवलं की कुत्रा अर्धं जेवण सोडतो. मग औषध किती पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही.

आता द्यायची पद्धत. सकाळच्या जेवणाच्या अगदी आधी, भूक लागलेली असताना, पाच-सहा गोळे ताटलीत. पहिला रिकामा. तो गिळला की दुसराही रिकामा. मग कॅप्सूलचा, आणि तो तोंडात जातो न जातो तोच पुढचा रिकामा गोळा नाकासमोर. भुऱ्या तोंडातलं घाईने गिळतो, कारण पुढचं हवं असतं. सगळी कमाल याच एका क्षणात आहे. हात जरा उशिरा पुढे आला तर तो चघळायला लागतो आणि मग सोफ्यामागे शोधायची वेळ येते. गिळल्याची खूण म्हणजे तो जिभेने नाक चाटतो. तोंडावर पंजा मारत असेल किंवा लाळ गळत असेल तर ती कुठेतरी चिकटली आहे.

यानंतर लगेच जेवणाची वाटी आणि पाणी, न चुकता. डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते, आणि उपाशीपोटी दिली तर उलटी. दिल्यावर थोड्या वेळात उलटी झाली तर अंदाजाने दुसरी कॅप्सूल द्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

टॉनिकचा प्रश्न वेगळा होता. मुलगा भुऱ्याचं तोंड वर करून चमच्याने आत ओतत होता. यात औषध वाया जातं हे सोडा, श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात संसर्ग होऊ शकतो. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणवली, सुई काढून टाकलेली. पहिले दोन दिवस त्यात टॉनिक भरलंच नाही. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या रताळ्याचं कोमट पाणी भरून टोक चाटायला दिलं. तिसऱ्या दिवशी तो सिरिंज दिसली की पुढे यायला लागला. (या दोन दिवसांत टॉनिक थांबवलं तर चालेल का, हे ताईंनी डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं.)

औषध देताना मान सरळ, जमिनीला समांतर. आपण समोर उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे, गाल आणि दात यांच्या मधल्या फटीत, आणि एका वेळी साधारण 1 मिली. घशाची हालचाल दिसली की पुढचं. मध्ये थोडं रताळ्याचं पाणी, मग पुन्हा औषध. दिल्यावर खोकला आला किंवा नाकातून औषध बाहेर आलं तर तिथेच थांबायचं आणि दवाखान्यात दाखवायचं.

जबडा उघडून जिभेच्या मागे गोळी टाकता येते, दवाखान्यात करतातही. पण गुरगुरायला लागलेल्या कुत्र्यावर घरच्यांनी, त्यातही मुलाने, ते करावं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. कॅप्सूल आणि टॉनिक दोन्ही पोटात जात होतं, तक्रार एवढीच की आता फ्रिजवरचा डबा निघाला की भुऱ्या पायात येतो. त्याच फोनवर मी त्यांना एक विचारलं, तो रोजचं जेवण पूर्ण संपवतो का? टिक फिव्हरचा कुत्रा जेवायचाच बंद झाला तर रताळ्याच्या गोळ्यांची ही युक्ती तिथेच संपते. तेव्हा वेगळं काही लपवून बघत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. औषध इंजेक्शनने द्यायचं की आणखी कसं, ते तेच ठरवतील.