नऊ विशेषणं आणि एकही क्रियापद नाही

प्रश्न : वडिलांवर गाणं लिहिलंय. ते हर्णै बंदरातल्या मासेमारीच्या बोटीवर जायचे. यायला रात्र झाली की आई त्यांचं ताट झाकून किनाऱ्यावर जायची, मी मागोमाग. चाल लावणारा मित्र म्हणतो विशेषणं फार झालीत, काढ. पण ती काढली तर भाव कुठून येणार? मुखडा असा आहे :

निळसर अथांग सागरतीरी
धुंद उसळत्या फेनिल लाटा
व्याकुळ हळव्या उदास नयनी
बाबा, तुमच्या धूसर वाटा

उत्तर :

तुमचा मुखडा मी पेटीवर चार-पाच वेळा म्हणून बघितला. मात्रा चोख आहेत, प्रत्येक ओळ सोळाची, केरव्यात अलगद बसते. पण मोजा : पंधरा शब्दांत नऊ विशेषणं, आणि क्रियापद एकही नाही. चार ओळींत कोणी काहीच करत नाही. आणि ज्या गोष्टीने मला प्रश्न वाचतानाच गलबलून आलं, ते झाकलेलं ताट, ती गाण्यात नाहीच. ती तुम्ही प्रश्नात लिहिलीत, साध्या क्रियापदांत : झाकून, जायची.

विशेषणं का साठतात ते आधी सांगते, कारण ते कळलं की काढायला हात धजतो. निळसर, अथांग, फेनिल, व्याकुळ, हळव्या, उदास, धूसर, सगळे बरोबर चार मात्रांचे शब्द आहेत. चालीत चार मात्रांचा खड्डा दिसला की असा शब्द आपोआप येऊन बसतो. माझंही वर्षानुवर्षं हेच व्हायचं. तो अर्थासाठी आलेला नसतो, भरतीसाठी आलेला असतो.

आता एकेक शब्द उचलून विचारा, हा काढला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढचं काय बदलतं? ‘निळसर’ने काहीच नाही. उलट तुमची गोष्ट रात्रीची आहे, तेव्हा समुद्र काळा असतो. ‘धुंद’ तर आईच्या विरुद्ध जातो. जिचा जीव टांगणीला लागलाय तिला लाट धुंद कशी दिसेल? ‘फेनिल’ आपल्या घरात कोणी बोलत नाही, आपण फेस म्हणतो. आणि ‘व्याकुळ हळव्या उदास’ हे तिन्ही एकाच डोळ्यांना लावलेत. तीनदा सांगितलं की ऐकणारा एकदाही बघत नाही.

‘उसळत्या’कडे मात्र थांबून बघा. हे मुळात क्रियापद आहे, उसळणे, पण ‘-त्या’ लावून तुम्ही त्याला नामाच्या दारात उभं केलंय. मराठीत हे फार होतं : फेसाळणारा, थरथरती, ओथंबलेले. अशा शब्दाची शेपटी सोडवली की तुम्हाला आयतं क्रियापद मिळतं. ‘उसळत्या लाटा’चं ‘लाटा उसळती’ करता येईल. मी ते केलंही, आणि पुन्हा खोडलं. लाटा रोजच उसळतात, आई तिथे नसली तरी. क्रियापद जिवंत आहे एवढ्याने भागत नाही, त्याने तुमच्या माणसाला स्पर्श करायला हवा. लाटेने आईचं काय केलं? ओल्या वाळूतून चालणाऱ्या बाईच्या मागे लाट येते आणि तिची पावलं पुसते. मग ओळ अशी झाली : ‘पाउल पुसती मागुन लाटा’.

तिसऱ्या ओळीसाठी हर्णैचं बंदर डोळ्यापुढे आणलं. तिथे मोठ्या बोटी काठाला लागत नाहीत, आत पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर येते. म्हणजे काठावरून बघणारीला दुरून एकेक होडी ओळखावी लागते. अशी बाई काय करते? मोजते. एक कमी भरली की? परत मोजते. माझ्या मते व्याकुळ, हळवे, उदास या तिन्ही शब्दांचं काम तेवढ्या ‘परत’मध्ये होतं. तुम्ही स्वतः तिथे होता, तुम्हाला याहून खरं काही आठवत असेल तर तेच घाला.

शेवटच्या ओळीवर मी अडले. पहिल्यांदा लिहिलं ‘अंधाराने गिळल्या वाटा’. मात्रा बरोबर, क्रियापद जोरदार, पण म्हणून बघितलं तर खोटं वाटलं. आई शांतपणे मोजतेय आणि शेजारी अंधार नाटकातल्या राक्षसासारखा गिळतोय. विशेषणं काढून त्यांच्या जागी अशी आरडाओरडा करणारी क्रियापदं बसवली तर सजावट तीच राहते, फक्त कपडे बदलतात. मग ‘धूसर’ म्हणजे काय ते साध्या भाषेत स्वतःला विचारलं. धूसर म्हणजे नीट दिसत नाही. म्हणजे क्रियापद ‘दिसणे’ आहे, आणि ते तुमच्या बाबांना विचारता येतं.

ताट झाकुनी आई निघते
पाउल पुसती मागुन लाटा
होड्या मोजुन पुन्हा मोजते
बाबा, दिसती का हो वाटा?

चारही ओळी सोळा मात्रांच्याच आहेत, लाटा-वाटा यमकही तुमचंच, त्यामुळे मित्राला चाल बदलावी लागणार नाही. नऊपैकी एकही विशेषण उरलं नाही आणि समुद्राचं नावही आलं नाही, तरी तो आहे.

गाणाऱ्याच्या बाजूनेही फरक पडतो. ‘निळसर’मध्ये चारही अक्षरं ऱ्हस्व आहेत, गळ्याला थांबायला जागा नाही. ताणलं तर ‘निळसऽऽर’ असं वेडंवाकडं होतं. ‘मोजते’मधल्या ‘मो’वर हवं तेवढं राहता येतं. मित्राला तिथे सुरांची एक छोटी हरकत घेऊन बघायला सांगा, ‘पुन्हा’नंतर लगेच.

क्रियापदांचा एक धोका मात्र ध्यानात ठेवा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ओळी आपोआप निघते, सरते, पुसते, बसते अशा संपायला लागतात. कानाला ते यमक वाटतं, पण जुळतो तो फक्त प्रत्यय, आणि दोन अंतऱ्यांत कान कंटाळतो. माझ्या एका खर्ड्यात चारही ओळी ‘-ते’वर संपत होत्या. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत क्रियापद आत ओढलं आणि शेवटी नाम ठेवलं. बोलताना आपण ‘पुसतात लाटा मागून’ असं म्हणतोच की, तेवढी मुभा भाषा देते.

अंतऱ्याला शब्द शोधत बसू नका. लिलावाच्या वेळी एक दिवस बंदरावर जा आणि वहीत फक्त हातांची कामं टिपा : ओततात, निवडतात, खारवतात, सांधतात, ओढतात. पावसाळ्यातलं हवं असेल तर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. ‘शाकारणे’ हा शब्द घराला आणि होडीला दोघांनाही चालतो, तुमच्या गाण्यात तो सोन्यासारखा बसेल. घरातही बघा. ‘थंड भात’ लिहायचा मोह होईल, पण आपल्याकडे भात निवतो. ‘भात निवला’ म्हटलं की वेळ किती गेला तेही त्यातच येतं.

सगळीच विशेषणं मात्र खरवडून काढू नका. ज्याच्यावाचून घटनाच बदलते ते ठेवायचं. समजा पुढे तुम्ही लिहिलंत, ‘रिकामी होडी काठा लागे’. तिथे ‘रिकामी’ काढलं तर बाबा सुखरूप घरी आले असा अर्थ होईल.