सारांशात मुद्दे आले का, हे कसे तपासावे?

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेले कापसाचे पीक. त्यावरील १२० शब्दांच्या उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश लिहिला आहे. तो पुरेसा आहे का, हे कसे ओळखावे?

सारांश बाजूला ठेवून आधी मूळ उताऱ्यातील विधाने कारणांसह वेगळी लिहावीत, आणि मगच प्रत्येक विधान सारांशात शोधावे. उलट क्रमाने तपासल्यास सुटलेले दिसतच नाही. समजा, उतारा म्हणतो की फरदड ठेवल्याने गुलाबी बोंडअळीला हंगामानंतरही खाद्य मिळून तिचे जीवनचक्र चालू राहते, म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटावी. ‘बोंडअळी नुकसान करते, पऱ्हाटी उपटावी’ एवढेच लिहिल्यास मर्यादा पाळली जाते, पण ‘म्हणून’मागचे कारण हरवते, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी उणीव आहे. शब्द ४६ भरल्यास ४० करण्यासाठी विशेषणे व उदाहरणे गाळावीत. शब्द मोजताना ‘पऱ्हाटीवर’सारखा जोडून लिहिलेला शब्द एकच मोजावा.