१.५ मीटर गाळ्याची बॉक्स मोरी: काँक्रीट आणि सळईचा हिशोब

प्रश्न: शेतरस्त्याखाली १.५ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच बॉक्स मोरी बांधायची आहे. भिंत २०० मिमी, लांबी ४ मीटर. काँक्रीट आणि सळई किती लागेल?

उत्तर:

वरचा आणि खालचा स्लॅबही २०० मिमी, कोपऱ्यांत १५० मिमीचे हंच, वर फूटभर मुरूम आणि भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली एवढाच भार, असं धरून हिशोब देतो. भराव जास्त असेल किंवा अवजड ट्रक जाणार असतील तर जाडी आणि सळई दोन्ही डिझायनरकडून ठरवून घ्या.

काँक्रीटसाठी भिंती वेगळ्या आणि स्लॅब वेगळे मोजू नका. तसं केलं की चारही कोपरे एक तर दोनदा धरले जातात किंवा सुटतात, आणि या मोरीत तेवढ्यानेच ०.६४ घनमीटरची चूक होते. बाहेरच्या मापातून आतलं माप वजा करा. बाहेरून १.९ × १.६ = ३.०४, आतून १.५ × १.२ = १.८०, फरक १.२४ चौरस मीटर. चार हंचांचे त्रिकोण मिळून ०.०४५. म्हणजे दर मीटर लांबीला १.२८५ आणि ४ मीटरला ५.१४ घनमीटर एम२५ काँक्रीट. सिमेंट मिक्स डिझाइनवर ठरतं, पण घनमीटरला साधारण ७ पोती धरली तर ३६ पोती होतात. खाली १०० मिमी पीसीसी, चारही बाजूंना १५० मिमी बाहेर काढून, आणखी ०.९५ घनमीटर. विंग वॉल आणि दोन्ही तोंडांची कट-ऑफ भिंत यात नाही. ती वेगळी काढा, पण टाळू नका. पाणी खालून माती नेतं ते तोंडापासूनच.

सळई मोजताना लांबीच्या दिशेने कडी मोजायची. ४० मिमी कव्हर सोडून ३.९२ मीटर उरतात. १५० मिमी अंतराने २७ गाळे, म्हणजे २८ कडी. प्रत्येक कड्यात दोन्ही स्लॅबच्या आतल्या अंगाला १२ मिमीची एकेक सरळ सळई, १.८२ मीटरची. दोन्ही भिंतींच्या आतल्या अंगाला १० मिमीची एकेक उभी, १.५२ मीटरची. बाहेरच्या अंगाला १० मिमीचे दोन ‘यू’, एक खालून वर आणि एक वरून खाली. त्यांचे पाय भिंतीच्या मध्यावर ५०० मिमी लॅप होतात, त्यामुळे बेंड वजा करून प्रत्येकाची कापलांबी ३.८० मीटर. वजनाला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र लावा:

१२ मिमी: १०२ मीटर, ९१ किलो
१० मिमी: २९८ मीटर, १८४ किलो
८ मिमी: ३५६ मीटर, १४१ किलो

८ मिमीमध्ये २०० मिमी अंतराने दोन्ही अंगांना लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ६८ सळया आणि हंचातल्या ०.८ मीटरच्या ११२ तिरक्या सळया आल्या. एकूण ४१६ किलो. तुकडे आणि चेअर धरून ४३५ किलो मागवा. पडताळणी सोपी आहे: घनमीटरला ८० किलोच्या आसपास यायला हवं. ४० आलं तर तुम्ही एकच अंग मोजलंय.

मोजणी बरोबर असूनही काम फसतं ते सळईच्या जागेमुळे. तळाच्या स्लॅबवर जमीन खालून वर दाबते, म्हणून तिथली १२ मिमी सळई वरच्या अंगाला हवी. घरच्या स्लॅबच्या सवयीने ती खाली बांधली जाते, आणि मग तळाच्या मध्यातून पाण्याच्या वाहत्या दिशेने लांब चीर पडते. दुसरी चूक ‘यू’ची. काम सोयीचं व्हावं म्हणून त्याचे पाय तळाजवळच कापतात आणि लॅप थेट कोपऱ्याच्या सांध्यावर येतो. बाहेरच्या अंगाचा सगळ्यात जास्त ताण नेमका तिथेच असतो, आणि ती चीर मातीआड असल्याने दिसतही नाही. त्यामुळे तळ ओतण्याआधी टेप घेऊन बघा: बाहेरचे पाय पीसीसीपासून साधारण १.०५ मीटर उंच उभे असले पाहिजेत. कमी भरले तर ओतकाम थांबवा, कारण तळ भरल्यावर ते पाय लांब करता येत नाहीत.