11 हजारांचं कोटेशन 18 हजारांना का पडतं?

फोंड्याहून पर्वरीला जायचंय, टू बीएचकेचं सामान. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकाने फोनवर 11 हजार सांगितले, दुसरा घर बघून 15,500 म्हणाला. पहिल्यालाच द्यावं ना? – गृहिणी, फोंडा

आम्ही स्वतः सामान हलवण्याच्या धंद्यात आहोत, म्हणून सांगतो: आधी पहिल्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे त्याला माहीत आहे का? मोठी गाडी दारापर्यंत येते की वाड्याच्या तोंडाशीच थांबते? एसी काढून परत बसवायचा कोणी? आणि जीएसटी धरलाय का?

समजा, मजल्याचे 1,500, गल्लीत शिरणाऱ्या छोट्या टेम्पोच्या फेऱ्यांचे 1,800 आणि एसीचे 1,600 वाढले. झाले 15,900. पॅकिंगसह शिफ्टिंगच्या बिलावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 2,862. एकूण 18,762. दुसऱ्याच्या 15,500 मध्ये कर सोडून हे सगळं धरलेलं असेल, तर 2,790 कर मिळून 18,290 होतात. म्हणजे स्वस्त तोच, शिवाय सामान गाडीत चढल्यावर हुज्जत नाही. वाढीव पैसे मागितले जातात ते नेमके तेव्हाच, कारण तुमचा फ्रीज त्याच्या गाडीत असतो.

कोटेशनमध्ये ‘इतर खर्च प्रत्यक्षानुसार’ असं वाक्य दिसलं की ते खोडायला सांगा. त्याजागी हे लिहून घ्या: ‘सोबतच्या यादीतल्या सामानासाठी, तिसऱ्या मजल्यापर्यंत, छोट्या टेम्पोच्या फेऱ्यांसह एकूण रक्कम. यादीबाहेरचं सामान निघालं तरच वाढ, तीही गाडी भरण्याआधी सांगून.’ यातली यादी महत्त्वाची. माळ्यावरची पितळी भांडी आणि बाल्कनीतल्या कुंड्या घरमालकच विसरतो, आणि मग आमचाही नाइलाज होतो.

तुमची मे महिन्यातली ‘शाळेआधी’ सवलत खरी की आधी भाव वाढवून मग कमी करता? – वाचक, म्हापसा

शंका रास्त आहे. आमची सवलत 20 मेपर्यंत, सोमवार ते गुरुवार, आणि फक्त पॅकिंग व मजुरीवर 10 टक्के. वरच्या 15,500 मध्ये पॅकिंग-मजुरी 9,000 असेल तर 900 कमी होतील, पूर्ण रकमेवर 1,550 नाही. जाहिरातीत नुसतं ‘10 टक्के सूट’ छापलं असतं तर फोन जास्त आले असते, भांडणंही.

कारण धंद्याचंच आहे. भाडेकरार महिनाअखेरीला संपतात, शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे सगळ्यांना मेचा शेवटचा शनिवार-रविवार हवा असतो. त्याच वेळी आमची निम्मी माणसं लग्नासाठी आणि पेरणीआधी गावी जातात. त्या दिवसांत आम्ही सूट देत नाही, आणि कोणी देत असेल तर माणसं कुठून आणणार ते विचारा. शिवाय जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात पाऊस टेकतो. तेव्हा ताडपत्रीच्या गाडीपेक्षा बंद बॉडीची गाडी लिहून घ्या. प्लायवूडचं कपाट एकदा भिजलं की फुगतंच.

कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स 3 टक्के’ लिहिलंय. भरावा का? – शिक्षक, मडगाव

विमा फक्त विमा कंपनी देऊ शकते. पैसे भरण्याआधी पॉलिसी कोणत्या कंपनीची ते विचारा, आणि गाडी सुटण्याआधी तुमच्या नावाचं किंवा तुमच्या बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदार सामानाची देतो त्या पावतीचा, क्रमांक असलेलं प्रमाणपत्र हातात घ्या. ते मिळत नसेल तर ती रक्कम विम्याची नाही, वाहतूकदाराने स्वतःच्या हमीपोटी घेतलेली आहे. हमीही चालते, पण काय मोडलं तर किती देणार आणि किती दिवसांत, हे लिहिलेलं हवं. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’चा, म्हणजे नुकसान झालं तर जबाबदारी सामानाच्या मालकाची असा, शिक्का असेल आणि वर हमीचे पैसेही घेतले असतील, तर दोन्ही एकत्र कसं, ते सही करण्याआधी विचारा.

आणखी एक. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली काच फुटली तर दावा सहसा नाकारला जातो, कारण आत काय होतं आणि ते कसं भरलं होतं हे कोणी पाहिलेलं नसतं. मिक्सर, टीव्ही, काचेची भांडी आमच्याकडून बांधून घ्या. कपडे, पुस्तकं खुशाल स्वतः भरा. टीव्ही बांधण्याआधी चालू करून त्याचा व्हिडिओ काढा. सामान उतरल्यावर मोडतोड दिसली, तर पोच देताना त्याच कागदावर लिहा. ‘सामान व्यवस्थित मिळालं’ अशी सही झाल्यावर मांडायला फार थोडं उरतं.

सावंतवाडीला परत जातोय. गॅस सिलिंडर आणि घरातली थोडी फेणी टेम्पोत चालेल? ई-वे बिलाचे 800 रुपयेही मागतायत. – वाचक, पेडणे

वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, ते 800 देऊ नका. मात्र सामानाची सही केलेली यादी चालकाकडे असू द्या, नाक्यावर तीच कामी येते. फेणी परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी झाली तर तुमच्या बाटल्यांसाठी चालक अडकतो, म्हणून आम्ही ती चढवत नाही. भरलेला सिलिंडरही नाही. तो एजन्सीत जमा करून ट्रान्सफरची कागदपत्रं घ्या आणि नव्या गावच्या एजन्सीत दाखवा. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी ठेवा, नाहीतर शेवटचा चहा शेजारी मागावा लागेल.