क्रेडिट कार्डाच्या बिलात न घेतलेल्या योजनेचे पैसे लावलेत, कस्टमर केअर ऐकत नाही. पुढे कुठे जायचं?

प्रश्न: कार्डाच्या बिलात ‘प्रोटेक्शन प्लॅन’चे १,४९९ रुपये आणि वर जीएसटी लावलाय. मी काही घेतलेलं नाही. फोन केला की दर वेळी ‘तक्रार बंद झाली’ असा मेसेज येतो. आता काय करू?

उत्तर: फोन करणं थांबवा आणि आज एक ईमेल पाठवा. माझ्या कार्डावर असाच प्लॅन चिकटवला होता, तेव्हा गाडी पुढे सरकली ती लेखी तक्रारीनंतरच. फोनवर काय बोलणं झालं, याचा पुरावा बँकेकडे असतो, तुमच्याकडे नाही.

ईमेलमध्ये ‘पैसे परत करा’ एवढंच लिहू नका. ‘मी संमती दिल्याचा पुरावा द्या, म्हणजे कॉलचं रेकॉर्डिंग किंवा ओटीपीची नोंद’ असं मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाने बिलावर हरकत घेतली की ३० दिवसांत खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा देणं कार्ड कंपनीला बंधनकारक आहे. संमतीच नसेल तर दाखवणार काय? माझ्या बाबतीत गोलमोल उत्तर आलं, रेकॉर्डिंग आलंच नाही. पुढे तेच कामी आलं.

रक्कम साधी आहे: १,४९९ आणि १८ टक्के जीएसटी मिळून १,७६८.८२ रुपये. एवढ्यासाठी बिल अडवून धरू नका, नाहीतर व्याज, लेट फी आणि सिबिलचं झेंगट मागे लागेल. ‘हरकत कायम ठेवून भरतोय’ असं ईमेलमध्ये लिहून पूर्ण बिल भरा.

तक्रार क्रमांक मिळाला की त्याच ईमेलच्या साखळीत नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या बँकेच्या अधिकाऱ्याला लिहा. त्यांचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो, बहुधा अगदी तळाशी. मूळ तक्रारीची तारीख आणि क्रमांक पहिल्याच ओळीत टाका. ‘तक्रार बंद’ या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. बिलाच्या ज्या पानावर ही रक्कम लावलीय, ते पीडीएफ म्हणून जपून ठेवा. मोठ्या बँकांत तक्रार नाकारण्याआधी ती अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे नकार योग्य आहे का हे तपासायला बँकेनेच नेमलेल्या माणसाकडे, बँकेनेच पाठवायची असते, तुम्हाला तिथे थेट जाता येत नाही. म्हणून नकार आला तर ‘अंतर्गत लोकपालाने पाहिलं का?’ असं विचारून घ्या.

यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, जो बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. समजा ३ जूनला लेखी तक्रार केलीत आणि ३ जुलैपर्यंत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट इथे आलात तर अर्ज तिथेच बाद होतो. तीच बाब ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तरी घेत नाहीत. उत्तर आल्यावर मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू नका, मुदत असते.

अर्जात रागाचा निबंध नको. तारखेनुसार चार ओळी लिहा: कधी पैसे लागले, कधी लिहिलं, काय उत्तर आलं, काय हवंय. ‘हवंय’मध्ये १,७६८.८२ रुपये परत आणि प्लॅन रद्द, दोन्ही लिहा. नाहीतर पैसे परत मिळतील आणि पुढच्या वर्षी तोच प्लॅन पुन्हा लागेल.