चुकीच्या नंबरवर आलेल्या 'हाय'ला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न: अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर "हाय मावशी, पोचलीस का गं?" असा मेसेज आलाय. मी कुणाचीच मावशी नाही. गप्प बसू की रिप्लाय देऊ? आणि दिला तर उद्धट वाटणार नाही असं काय लिहू?

रिप्लाय द्या, पण एकच, आणि त्यात स्वतःबद्दल काहीही नको. मी साधारण असं लिहितो: "नमस्कार, हा मेसेज चुकून माझ्याकडे आलाय. मावशींचा नंबर एकदा तपासून बघाल का?" बास. आपलं नाव नाही, गाव नाही, आणि "आपण कोण?" हे तर अजिबात नाही, कारण तो प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, मग तो विचारतो तुम्ही कोण, आणि विनाकारण गप्पा सुरू होतात. "राँग नंबर" एवढंच लिहिलं तरी चालतं म्हणा, पण फोन आपटल्यासारखं वाटतं, आणि मावशीची काळजी करणाऱ्या पोरीला कशाला तोडायचं.

बरेच जण म्हणतात इग्नोर मारा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर गप्प बसणं म्हणजे काहीच न सांगणं असं होत नाही. तुमच्या फोनवर मेसेज पोचला की तिकडे दोन टिका दिसतात, उघडला की निळ्या होतात (रीड रिसीट बंद केल्या नसतील तर), आणि पाठवणारा समजतो की मावशीने वाचलं. माझ्याकडे जो नंबर आहे तो आधी कुणा नानांचा होता, आणि एकदा संध्याकाळी मेसेज आला, "नाना उद्या सहाला गाडी येतीय कांदा भरायला, माणसं सांगून ठेवा." आता यावर मी गप्प बसलो असतो तर पहाटे गाडी शेताच्या बांधावर उभी, माणसं नाहीत, आणि ड्रायव्हर म्हणणार नानांनी मेसेज तर बघितलेला. मी लिहिलं, "दादा, हा नंबर आता माझ्याकडे आहे, नानांना निरोप पोचलेला नाही, दुसरीकडून कळवा." पाच मिनिटांत उत्तर, "बरं झालं सांगितलंत साहेब." संपलं. असा निरोप वेळेचा असेल, म्हणजे कुणाला अ‍ॅडमिट केलंय, कुणी गेलंय, कुणी स्टँडवर वाट बघतंय, तर लगेच कळवायचं, आणि "निरोप पोचलेला नाही" हे शब्द त्यात हवेतच, नाहीतर समोरचा नुसता सॉरी म्हणून मोकळा होतो आणि ज्याला कळायला हवं त्याला कळतच नाही.

यात एक फरक लक्षात ठेवा. एखादा आकडा चुकून मेसेज आला असेल तर "नंबर तपासा" म्हटलं की काम होतं. पण तुमचं सिम नवीन असेल आणि वेगवेगळी माणसं एकाच नावाने हाक मारत असतील, तर नंबर चुकलेला नाही, माणूस बदललाय. आपल्याकडे बंद पडलेला मोबाईल नंबर निदान 90 दिवस तसाच ठेवतात आणि मग दुसऱ्या कुणाला देतात, पण लोकांच्या फोनमध्ये तो जुन्याच नावाने सेव्ह राहतो. अशा माणसाला "नंबर तपासा" सांगितलंत तर तो बिचारा तपासतो, नंबर बरोबरच दिसतो, आणि त्याला वाटतं तुम्हीच चेष्टा करताय, किंवा मावशी रुसलीय. त्याला "हा नंबर आता माझ्याकडे आहे, जुना काढून टाका" असंच सांगायला लागतं.

आता दुसरी बाजू, म्हणजे खरंच चुकलेलं आहे की मुद्दाम चुकवलेलं. पहिल्या मेसेजवरून हे नेहमी कळत नाही. मराठीत, घाईत टाइप केलेलं, "पोचलीस का गं" असं असेल तर बहुतेक खरं. +855 (कंबोडिया) किंवा +95 (म्यानमार) असा कोड असेल, किंवा गुळगुळीत इंग्रजीत "हाय, आपण मागच्या आठवड्यात डिनरला भेटलो होतो ना?" असं असेल, तर रिप्लायच्या फंदात न पडता ब्लॉक केलेलं बरं, त्यात उद्धटपणा काही नाही. पण +91 दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, भारतीय नंबरही वापरले जातात.

खरा निकाल तुमच्या रिप्लायनंतरच्या मेसेजवर लागतो. खरा चुकलेला माणूस "अय्यो सॉरी" म्हणतो आणि गायब होतो, कारण त्याला मावशी शोधायची असते, तुम्ही नाही. फसवणारा मात्र जातच नाही. "सॉरी, माझ्या असिस्टंटने चुकीचा नंबर सेव्ह केला. पण तुम्ही किती नम्रपणे उत्तर दिलंत! कुठे असता तुम्ही?" मग फोटो, मग रोज गुड मॉर्निंग, जेवलात का, आणि पैशाचा विषय कितीतरी दिवस निघतच नाही. नंतर कधीतरी सहज बोलण्यात येतं की माझे काका क्रिप्टोमध्ये चांगलं कमावतात, आणि एका अ‍ॅपची लिंक येते. त्या अ‍ॅपमध्ये आकडा रोज वाढताना दिसतो, सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात, विश्वास बसावा म्हणून. मोठी रक्कम घातली आणि काढायला गेलात की "आधी टॅक्स भरा". म्यानमार-कंबोडियाकडच्या कंपाउंडमधून हे धंदे चालतात, आणि टाइप करणाऱ्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबून ठेवलेली आपल्याकडची पोरंही असतात.

म्हणजे तुमचा सभ्यपणाच इथे हेरला जातो. म्हणून एका रिप्लायनंतर समोरून कितीही गोड आलं तरी दुसरा द्यायचा नाही. "इट्स ओके" पण नाही. ब्लॉक केलंत तर त्याला काही नोटिफिकेशन जात नाही, त्यामुळे संकोच नको, आणि रिपोर्ट केलंत तर त्याच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, पैसे गेले नसतील पण नंबर संशयास्पद वाटला तर तिथे कळवता येतं. पैसे गेले असतील तर तिथे नाही, लगेच 1930 ला फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार, पैसे पुढे सरकायच्या आत.

अजून एक, "काकू, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवता का?" हा मेसेज कितीही गयावया करून आला तरी चुकलेला नसतो. तुमच्या फोनवर आलेला कोड तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा असतो, समोरचा तुमचा नंबर टाकून आपल्या फोनवर तुमचं अकाउंट उघडायला बसलेला असतो. ह्याला उत्तरसुद्धा द्यायचं नाही. सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून पिन टाकून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणी भाबडेपणाने कोड देऊन टाकला तरी त्याला पिन लागेल.